एक ऑर्डर, चार बाक्या: फर्निचरच्या ॲडव्हान्सचा हिशेब कुठे चुकतो

ऑर्डर मोठी नाही, पहिला माल जाईपर्यंत जेमतेम सात आठवडे. एक फर्निचर कारखाना, एक घरगुती गिऱ्हाईक, दोन वॉर्डरोब, एक बेड, एक डायनिंग टेबल आणि एक अभ्यासाचे टेबल. पैसे वेळेवर आले, काम वेळेवर झाले. तरीही 20 डिसेंबरला पहिला माल घरी पोचला तेव्हा गिऱ्हाइकासमोर चार आकडे होते. शेवटच्या जमा पावतीवर बाकी 70,800 रुपये. माल आला त्या चलनावर 34,800. फोनवर शोरूममधला माणूस म्हणत होता 82,600. आणि टॅक्स इनव्हॉइसवर छापले होते उणे 59,000. गिऱ्हाईक म्हणाले, "बिलाप्रमाणे तर तुमच्याकडेच माझे एकोणसाठ हजार निघतात, मग मी आणखी कसले द्यायचे?" बिल हातात धरून बोलणाऱ्या माणसाला यावर तोंडी उत्तर देता येत नाही.

चारही आकड्यांमागे बेरीज-वजाबाकीची चूक एकही नव्हती. प्रत्येक कागदाने वेगळा प्रश्न सोडवला होता, आणि कोणता प्रश्न ते कुठल्याच कागदावर लिहिलेले नव्हते. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.)

ऑर्डर आणि आलेले पैसे

ऑर्डर क्र. 147, तारीख 4 नोव्हेंबर. मालाची किंमत 2,00,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 36,000, एकूण 2,36,000. अटी नेहमीच्याच: ऑर्डरबरोबर 40 टक्के, सांगाडा तयार होऊन पॉलिशला जाण्यापूर्वी 30 टक्के, आणि "डिलिव्हरीच्या वेळी" उरलेले 30 टक्के. म्हणजे 94,400, मग 70,800, मग पुन्हा 70,800.

पैसे मात्र अटीत लिहिल्याप्रमाणे तीन सरळ हप्त्यांत कधीच येत नाहीत. 4 तारखेला यूपीआयने 50,000 आले, 9 तारखेला 44,400 चा चेक. 6 डिसेंबरला 70,800 एनईएफटीने आले, पण गिऱ्हाइकाच्या भावाच्या खात्यातून. 12 डिसेंबरला गिऱ्हाइकाने चपलांचे कपाट वाढवून मागितले: 10,000 अधिक कर 1,800, म्हणजे 11,800. हे बोलणे फोनवर झाले, सुताराच्या वहीत चढले, ऑर्डर फॉर्मवर चढले नाही.

20 डिसेंबरला बेड आणि दोन्ही टेबले गेली. त्यांची किंमत 90,000, कर 16,200, बिल 1,06,200. वॉर्डरोब आणि चपलांचे कपाट जानेवारीत जायचे होते.

चार आकडे कुठून आले

पावतीवरचे 70,800 हे मूळ 2,36,000 मधून तोवर जमा झालेले 1,65,200 वजा करून आले. पावती 6 डिसेंबरची आणि वाढीव काम 12 चे, म्हणून पावती त्या दिवशी बरोबरच होती. दोष इतकाच की तिच्यावर "6 डिसेंबरअखेर" असे काही लिहिलेले नव्हते, आणि काम वाढले तेव्हा गिऱ्हाइकाला नवा कागद गेला नाही.

चलन कारखान्याच्या वहीवरून निघाले. कारखान्याच्या वहीत किंमत कराशिवाय असते, कारण तिथे सागवान, प्लाय आणि मजुरीचा हिशेब चालतो. 2,00,000 मधून 1,65,200 गेले, राहिले 34,800. ही चूक सर्वांत जास्त सापडते आणि सर्वांत उशिरा लक्षात येते. बाकीचा आकडा नेमका कराइतका कमी दिसत असेल तर आधी इथेच पाहावे. इथे 70,800 आणि 34,800 मधला फरक 36,000 आहे, म्हणजे अगदी मूळ ऑर्डरचा जीएसटी. पैसे नेहमी करासकट येतात, म्हणून ज्या किमतीतून ते वजा करायचे तीही करासकटच हवी.

शोरूममधल्या माणसाने वाढीव काम धरले होते. 2,47,800 मधून 1,65,200 वजा जाता 82,600. ऑर्डरची खरी बाकी हीच.

आणि बिल. बिलिंग करणाऱ्याने 1,06,200 च्या बिलातून गिऱ्हाइकाची सगळी जमा, 1,65,200, वजा केली. उणे 59,000 आले आणि छापले गेले. इथे अर्ध्या ऑर्डरच्या बिलासमोर पूर्ण ऑर्डरचे पैसे ठेवले गेले, हा या प्रकरणाचा गाभा.

दोन बाक्या वेगळ्या ठेवायच्या

एकाच ऑर्डरचा माल दोन खेपांत जाणार असेल तर बाकी एक नसते, दोन असतात. एक ऑर्डरची बाकी: ठरलेल्या एकूण रकमेतून आजवर आलेले पैसे वजा. दुसरी बिलाची बाकी: या बिलाच्या रकमेतून, या बिलाकडे वळती केलेला ॲडव्हान्स वजा. जमा झालेला पैसा आधी ऑर्डरचा असतो. बिल निघाले की त्यातला किती भाग त्या बिलाकडे वळवायचा ते ठरवावे लागते, आणि तो निर्णय कोणीतरी मुद्दाम घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर सॉफ्टवेअर किंवा कारकून स्वतःच्या सवयीने घेतो.

निर्णयाच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत जेवढा ॲडव्हान्स आहे तो पहिल्या बिलात पुरेपूर जिरवायचा. तसे केले असते तर 1,06,200 वळते झाले असते, बिलाची बाकी शून्य, आणि हातात 59,000 ॲडव्हान्स उरला असता. जानेवारीचे बिल 1,41,600 चे, त्यातून 59,000 जाता 82,600 एका झटक्यात मागावे लागले असते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पहिल्या खेपेला काहीच देणे नव्हते आणि दुसऱ्या खेपेला एकदम मोठा आकडा आला.

दुसरी रीत प्रमाणाची. 2,47,800 पैकी 1,65,200 आलेले, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. मग प्रत्येक बिलातही दोन तृतीयांश ॲडव्हान्स धरायचा. पहिल्या बिलात 70,800 वळते, देय 35,400. दुसऱ्यात 94,400 वळते, देय 47,200. दोन्ही देय मिळून 82,600.

कारखान्याच्या बाजूने दुसरी रीत बरी, कारण राहिलेल्या कामावर ॲडव्हान्स टिकून राहतो. गिऱ्हाइकालाही ती पटते, कारण आलेल्या मालापुरतेच पैसे मागितले जातात. पण ती ऑर्डर घेतानाच लिहायला हवी. "डिलिव्हरीच्या वेळी 30 टक्के" या ओळीत कोणती डिलिव्हरी ते लिहिलेले नव्हते, आणि गिऱ्हाईक "शेवटची" असा अर्थ लावत असेल तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. अटीची ओळ अशी हवी होती: "माल टप्प्याने दिल्यास जमा ॲडव्हान्स प्रत्येक बिलात प्रमाणाने वळता केला जाईल व त्या बिलाची उरलेली रक्कम त्या डिलिव्हरीपूर्वी देय राहील." शाई थोडी जास्त लागते, भांडण वाचते.

ॲडव्हान्स वजा करायचा तो कर धरून आलेल्या एकूण रकमेतून, बिलाच्या तळाशी. काही जण मालाच्या किमतीतून आधी ॲडव्हान्स वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर लावतात. तसे केले तर कर कमी भरला जातो आणि तो पुढे व्याजासह खिशातून जातो. बिल नेहमी पाठवलेल्या मालाच्या पूर्ण किमतीचे आणि पूर्ण कराचे.

ॲडव्हान्सवर जीएसटी

मालाच्या ॲडव्हान्सवर, कंपोझिशन योजनेत नसलेल्या व्यापाऱ्याला, पैसे आले त्या वेळी कर भरावा लागत नाही. 15 नोव्हेंबर 2017 च्या अधिसूचना क्र. 66/2017 पासून हे लागू आहे. कर देय होतो तो बिलाच्या वेळी. म्हणून 147 च्या तिन्ही जमा पावत्यांवर कराची वेगळी ओळ नको. पावती मात्र द्यायचीच.

सेवेचे तसे नाही. हाच कारखाना जुन्या फर्निचरला फक्त पॉलिश करून देत असेल आणि त्यासाठी 11,800 ॲडव्हान्स घेत असेल, तर पैसे हातात आले त्याच महिन्यात कर लागतो. ती रक्कम करासकट धरतात: 10,000 सेवेचे, 1,800 कर. त्या पावतीवर दर आणि कर दाखवावा लागतो, आणि पुढे बिल निघाले की आधी भरलेला कर त्यात समायोजित होतो. दोन्ही प्रकारची कामे घेणाऱ्यांनी पावतीपुस्तके वेगळी ठेवली तर गोंधळ होत नाही.

नोंद कशी असावी

तीन याद्या पुरतात. पहिली किमतीची यादी. ऑर्डरची किंमत एका खान्यात लिहून नंतर खोडून बदलायची नाही, प्रत्येक बदलाला नवी ओळ द्यायची: 4 नोव्हेंबर मूळ 2,36,000, 12 डिसेंबर चपलांचे कपाट 11,800. प्रत्येक ओळीसमोर गिऱ्हाइकाची सही किंवा व्हॉट्सॲपवरचा होकार कुठे आहे ते लिहायचे. दुसरी यादी जमेची: पावती क्रमांक, तारीख, ऑर्डर क्रमांक, रक्कम, मार्ग, बँक संदर्भ, कोणाच्या खात्यातून, स्थिती. तिसरी बिलांची, आणि तिच्यात "वळता केलेला ॲडव्हान्स" हा खाना वेगळा.

बँक संदर्भाचा खाना रिकामा सोडू नये. यूपीआयचा संदर्भ बारा आकडी असतो, आणि तोच आकडा यादीत दुसऱ्यांदा आला तर एकच रक्कम दोनदा चढते आहे हे तिथल्या तिथे कळते. शोरूमवाला मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पाहून पावती करतो आणि हिशेबनीस आठवड्याने बँक उतारा पाहून दुसरी करतो, असे सर्रास घडते.

भावाच्या खात्यातून आलेले 70,800 कोणाचे ते आले तेव्हा लगेच कळले नव्हते. अशा वेळी अंदाजाने कुठल्यातरी ऑर्डरला टाकू नये. "ओळख पटली नाही" या नावाखाली ठेवावे आणि गिऱ्हाइकाने सांगितल्यावर पावतीवर दोन्ही नावे लिहावीत: पैसे कोणाकडून आले आणि कोणत्या ऑर्डरसाठी.

चेकसाठी स्थितीचा खाना लागतो. 9 नोव्हेंबरला चेक घेतल्याची पावती द्यायची, पण बाकीच्या आकड्यातून 44,400 लगेच वजा करायचे नाहीत. बाकी 1,86,000 आणि खाली ओळ: "चेक 44,400 वटणे बाकी". वटल्यावर स्थिती `OK` करायची, बाकी 1,41,600 होते. चेक परत आला तर पावतीची ओळ खोडू नये. स्थिती "परत" करावी, म्हणजे पावतीचे क्रमांक सलग राहतात आणि ती रक्कम आपोआप बेरजेबाहेर जाते.

शीटमध्ये काम करणाऱ्यांसाठी ऑर्डरच्या बाकीचे सूत्र एवढेच आहे. `Value` मध्ये किमतीच्या ओळी, `Receipts` मध्ये जमा, आणि `A2` मध्ये ऑर्डर क्रमांक:

```
=SUMIFS(Value!D:D,Value!A:A,A2)
-SUMIFS(Receipts!D:D,Receipts!C:C,A2,Receipts!H:H,"OK")
```

टॅलीत हेच काम बिलवाइज नोंदीने होते. जमा व्हाउचरला संदर्भाचा प्रकार `Advance` निवडायचा आणि नाव 147/1, 147/2 असे द्यायचे. विक्रीच्या बिलात 70,800 `Agst Ref` ने त्या ॲडव्हान्ससमोर लावायचे आणि उरलेले 35,400 `New Ref` म्हणून बिल क्रमांकाने उघडायचे. घाईत सगळे `On Account` वर टाकले तर गिऱ्हाइकाच्या खात्याची एकूण बाकी बरोबर दिसते, पण कोणत्या ऑर्डरची किती ते सांगता येत नाही. त्याच गिऱ्हाइकाची दुसरी ऑर्डर चालू असेल तर खरी अडचण तिथे होते: एका ऑर्डरचा ॲडव्हान्स दुसरीच्या बिलात जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच पट्टी

कोटेशन सोडून बाकी सगळ्या कागदांवर, म्हणजे ऑर्डर फॉर्म, जमा पावती, चलन आणि बिल यांवर, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने पट्टी छापायची. 20 डिसेंबरच्या बिलावर ती अशी हवी होती:

```
ऑर्डर क्र. 147 (सर्व रकमा करासह)
मूळ ऑर्डर                     2,36,000
वाढीव / कमी काम                 11,800
पावती क्र. 3 पर्यंत जमा        1,65,200
ऑर्डरची बाकी, 20 डिसें.अखेर      82,600
---------------------------------------
हे बिल                        1,06,200
यात वळता केलेला ॲडव्हान्स        70,800
या बिलावर आता देय               35,400
```

रेघेखालचा भाग फक्त बिलावर. "पावती क्र. 3 पर्यंत" हे शब्द तारखेइतकेच महत्त्वाचे आहेत. एकाच दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी एक रक्कम आली तर तारखेवरून कागदांचा क्रम लागत नाही, पावती क्रमांकावरून लागतो. त्याच कारणाने मागल्या तारखेची पावती फाडू नये. ती फाडली की आधी दिलेले सगळे कागद त्या क्षणी खोटे ठरतात.

छापलेली बाकी त्या दिवशीची म्हणून गोठलेली राहिली पाहिजे. शीटमधून जुनी पावती पुन्हा छापली आणि तिच्यावर आजची बाकी आली, तर गिऱ्हाइकाकडे एकाच क्रमांकाच्या दोन वेगळ्या पावत्या होतात. पावती देताना बाकीचा आकडा यादीत मूल्य म्हणून चिकटवून ठेवावा, सूत्र म्हणून नाही.

चलनावर बाकी नको असे काही मालकांचे म्हणणे असते, कारण टेम्पोवाला आणि हमाल तो कागद वाचतात. म्हणणे रास्त आहे, पण गिऱ्हाईक ज्या कागदावर शेवटची सही करते तो चलनच असतो. अडचण वाटत असेल तर गिऱ्हाइकाच्या प्रतीवर पट्टी ठेवावी आणि गाडीच्या प्रतीवरून काढावी.

चुकलेले बिल कसे दुरुस्त झाले

बिलातला माल, किंमत, कर आणि क्रमांक बरोबर होते. चुकला होता तो तळाचा ॲडव्हान्सचा भाग, आणि तो कर कायद्याने बिलावर मागितलेल्या तपशिलांत येत नाही. म्हणून क्रेडिट नोट काढून नवे बिल करण्याची गरज नव्हती. त्याच क्रमांकाचे बिल दुरुस्त पट्टीसह पुन्हा छापले आणि जुनी प्रत परत घेतली. 12 डिसेंबरला ठरलेल्या वाढीव कामासाठी पुरवणी ऑर्डर फॉर्म दिला, त्यावर सही घेतली. पट्टी समोर ठेवल्यावर गिऱ्हाइकाने 35,400 दिले. पावती क्र. 4, ऑर्डरची बाकी 47,200.

कागद देण्यापूर्वी एक ताळा घ्यावा. बिलांची बाकी, अधिक अजून बिल न झालेल्या कामाची किंमत, वजा न वळवलेला ॲडव्हान्स, ही ऑर्डरच्या बाकीइतकी आली पाहिजे. 20 डिसेंबरला: 35,400 अधिक 1,41,600 वजा 94,400, बरोबर 82,600. पहिली रीत वापरली असती तरी ताळा जुळला असता: शून्य अधिक 1,41,600 वजा 59,000, तेही 82,600. वळती कशीही करा, ऑर्डरची बाकी हलत नाही. ती हललेली दिसली तर कुठेतरी कर सुटला आहे किंवा पावती दोनदा चढली आहे.

शेवटचे 7,200

जानेवारीत वॉर्डरोब गेले. एका दाराला बाक आला होता, म्हणून गिऱ्हाइकाने 47,200 पैकी 40,000 दिले आणि 7,200 रोखून धरले. दार बदलून दिले, आणि खोळंब्यापोटी नव्हे तर आतल्या फळीवर राहिलेल्या ओरखड्यापोटी 2,000 रुपये किंमत कमी करायचे ठरले.

इथे मोह होतो तो 2,000 ची "जमा" पावती फाडून बाकी मिटवण्याचा. सूट म्हणजे आलेला पैसा नाही. तिची जमा पावती केली तर गल्ला किंवा बँक तितक्याने कमी भरते, आणि ज्या किमतीवर पैसे मिळालेच नाहीत तिचा कर भरलेला राहतो. माल सदोष निघाल्यामुळे किंमत कमी झाली, तर क्रेडिट नोट काढायची: 2,000 अधिक कर 360, एकूण 2,360, त्या बिलाच्या क्रमांकाचा उल्लेख करून. किमतीच्या यादीत उणे 2,360 ची ओळ चढते. पट्टीत ती "वाढीव / कमी काम" मध्ये दिसते, जमेत नाही.

मग एकूण किंमत 2,45,440, जमा 2,40,600, बाकी 4,840. गिऱ्हाईक हे रोख देणार होते, आणि इतक्या रकमेला अडचण नाही. पण संपूर्ण ऑर्डर रोखीत हप्त्याहप्त्याने घेतली असती तर हप्ते लहान असूनही उपयोग नव्हता. एकाच व्यवहारापोटी रोखीत दोन लाख किंवा त्याहून अधिक घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. जमेच्या यादीत "मार्ग" हा खाना ऑर्डरनिहाय रोखीची बेरीज करता यावी म्हणूनही लागतो.

पावती क्र. 6 ने 4,840 जमा झाले. तिच्या पट्टीत ऑर्डरची बाकी शून्य, दोन्ही बिलांची बाकी शून्य, आणि टॅलीत 147 च्या नावाचा एकही ॲडव्हान्स उघडा नाही. तिन्ही शून्य दिसल्यावरच ऑर्डर बंद केली.